कोड आला, पण आधीच वापरलेला. दुसरा आलाच नाही. पुरावा कशाचा जमवायचा?

वाचकाचं पत्र

भाच्याच्या वाढदिवसासाठी शनिवारी संध्याकाळी एका खरेदीच्या अ‍ॅपवरून गूगल प्लेचे दोन रिडीम कोड घेतले. एक हजाराचा, एक पाचशेचा. ऑर्डरी वेगवेगळ्या केल्या, दोन्हींचे पैसे यूपीआयने लगेच गेले. हजाराचा कोड पावणेआठच्या सुमारास ईमेलवर आला. तो मी हौसेने आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. रविवारी भाच्याने वापरून पाहिला तर ‘हा कोड आधीच वापरला गेला आहे’ असं येतं. पाचशेचा कोड आलाच नाही, ऑर्डरवर अजून ‘प्रक्रियेत’ दिसतं. कस्टमर केअर म्हणतं, आमच्याकडून कोड बरोबर गेलाय. माझ्याकडे पैसे गेल्याचे स्क्रीनशॉट आहेत. ही सरळसरळ फसवणूक नाही का? बहीण म्हणते, ग्रुपवर टाकलास, तुझीच चूक. बँकेकडून पैसे परत मागू, की पोलिसांत जाऊ?
— एक मामा, नाशिक

उत्तर

नमस्कार मामा,

तुमच्या हातात एक तक्रार नाही, दोन आहेत. त्या तुम्ही एकाच कागदावर लिहिल्यात म्हणून गुंता वाढलाय. न आलेला कोड आणि वापरलेला निघालेला कोड यांची कारणं वेगळी, पुरावे वेगळे आणि समोरच्याची उत्तरंही वेगळी. अ‍ॅपकडे पहिला मेसेज दोन्हींचा मिळून गेला असेल, तर ‘कोड बरोबर गेलाय’ हे उत्तर बहुधा हजाराच्या ऑर्डरकडे बघून आलंय आणि पाचशेची ऑर्डर कुणी उघडूनही पाहिलेली नाही. तेव्हा आज पहिलं काम म्हणजे दोन स्वतंत्र तक्रारी, प्रत्येकीला तिचा ऑर्डर क्रमांक.

आता तुमच्या स्क्रीनशॉटबद्दल. पैसे गेले हे तो दाखवतो, पण पैसे मिळाले नाहीत असं विक्रेता म्हणतच नाही. ज्यावर वादच नाही त्याचा पुरावा कितीही भक्कम असला तरी प्रकरण इंचभर हलत नाही. वाद आहे तो दोन प्रश्नांवर: पाचशेचा कोड तुम्हाला कधी दिला गेला का, आणि हजाराचा कोड कुणी, कोणत्या क्षणी वापरला? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फोनमध्ये नाही. ते कोड काढणाऱ्याच्या, म्हणजे इथे गूगल प्लेच्या, नोंदीत आहे. कोड कोणत्या खात्यात आणि कोणत्या तारखेला, किती वाजता जमा झाला हे तिथे असतं. खातं कुणाचं ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. वेळ मात्र मागता येते. माझ्या मते तुमचं सगळं प्रकरण त्या एका वेळेवर उभं आहे.

ती मागण्याआधी एक गोष्ट तपासा, आणि रागावू नका. हजाराचा कोड तुमच्याच खात्यात तर गेला नाही ना? अशा ईमेलमध्ये पुष्कळदा कोडखाली एक बटण किंवा दुवा असतो. तो दाबला की त्या फोनवर चालू असलेल्या गूगल खात्यातच प्ले स्टोअरचं रिडीमचं पान उघडतं, कोड आयता भरलेला असतो, आणि पुढचं बटण दाबलं की रक्कम त्या खात्यात जमा. ‘नीट आहे का बघूया’ म्हणून दाबणारे मामा, आजोबा, काकू यांची संख्या कमी नाही. प्ले स्टोअर उघडा, उजवीकडे वरच्या गोल चित्रावर दाबा, `Payments & subscriptions` मध्ये जा. तिथे `Payment methods` मध्ये गूगल प्लेची शिल्लक दिसेल आणि `Budget & history` मध्ये व्यवहारांची यादी. फोनमध्ये दोन-तीन गूगल खाती असतील तर प्रत्येकावर जाऊन हेच पाहा. भाच्यालाही त्याच्या प्रत्येक खात्यावर पाहायला सांगा, कारण मुलांच्या फोनवर शाळेचं एक, गेमचं एक आणि आईचं एक अशी खाती सर्रास असतात. गेम एका खात्यावर चालतो आणि प्ले स्टोअर दुसऱ्यावर, मग जमा झालेले पैसे गेममध्ये दिसत नाहीत. रक्कम अशी घरातच सापडली तर ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही, पण निदान ती कुठे आहे हे कळेल आणि खोटी तक्रार टळेल. नाही सापडली, तरी या तपासणीचे स्क्रीनशॉट हा तुमचा पहिला खरा पुरावा: संबंधित खात्यांत त्या दिवशी अशी रक्कम आलेली नाही.

आता वेळेचा हिशोब मांडूया. तुमच्याकडे दोन वेळा आहेत, त्या अगदी मिनिटापर्यंत पक्क्या करून घ्या. एक, कोडचा ईमेल कधी आला. दोन, तो ग्रुपवर कधी गेला. ईमेलची वेळ स्क्रीनवर दिसते ती पुरत नाही. संगणकावर जीमेल उघडून त्या ईमेलच्या तीन टिंबांवर दाबा आणि `Show original` निवडा. तिथे ईमेल कुठून निघाला, किती वाजून किती सेकंदांनी पोहोचला याची मूळ नोंद असते. त्याच मेनूत `Download message` आहे, तेवढं करून ती फाइल जपून ठेवा. ईमेल दुसऱ्याला फॉरवर्ड करून ठेवला तर ही मूळ नोंद फॉरवर्डसोबत जात नाही, म्हणून फाइलच हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा: कुणाला कधी पोहोचला, कुणी किती वाजता वाचला, हे वेळेसह दिसतं. ही माहिती पाठवणाऱ्यालाच दिसते, म्हणजे फक्त तुम्हाला.

आणि म्हणूनच तो मेसेज आता पुसू नका. तुमच्या मनात आलं असेल, कदाचित बहिणीनेही सुचवलं असेल, की निदान आता तरी ग्रुपवरून काढून टाक. कोड वापरला गेलाय, काढून काही वाचत नाही. पुसलात तर फक्त वेळांची नोंद जाते. स्क्रीनशॉट आधी घ्या, मग हवं ते करा.

समजा ईमेल शनिवारी संध्याकाळी 7:43 ला आला आणि ग्रुपवर 7:50 ला गेला. आता कोड वापरल्याची वेळ तीन ठिकाणी पडू शकते.

ती 7:43 च्या आधीची निघाली, म्हणजे शनिवारी दुपारची किंवा आदल्या आठवड्यातली, तर विषय संपला. तुमच्या हातात येण्याआधीच कोड वापरलेला होता. एकच कोड चुकून दोन ऑर्डरींना जोडला गेला असेल किंवा साठ्यातून फुटला असेल. कारण काहीही असो, ती विक्रेत्याची बाब आहे. तुम्ही तो नंतर ग्रुपवर टाकला की फळ्यावर लिहिला याचा काही संबंध उरत नाही. बहिणीचं म्हणणं इथे पूर्ण गळून पडतं.

ती 7:43 आणि 7:50 यांच्या मधली निघाली तर पाहायचं तुमच्या ईमेलकडे. तुमचं ईमेल खातं दुसऱ्या कोणत्या फोनवर किंवा टॅबवर चालू आहे? मुलगा, सून, ऑफिसचा संगणक? गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात चालू असलेल्या उपकरणांची यादी असते, ती बघा आणि तिचाही स्क्रीनशॉट घ्या. अनोळखी उपकरण दिसलं तर पासवर्ड आधी बदला, हजार रुपयांचं नंतर बघू. अ‍ॅपवरचं तुमचं खातंही याच रांगेत येतं, कारण बहुतेक ठिकाणी कोड ऑर्डरच्या पानावरही दिसतो.

आणि 7:50 नंतरची निघाली, तर मामा, प्रश्न घरातला आहे. हा कोड हातातल्या नोटेसारखा: त्यावर नाव नसतं, ज्याने आधी वापरला त्याचा झाला. ग्रुपवर कुणीतरी वाचला आणि वापरला, कदाचित मुद्दाम, पण जास्त शक्यता अशी की कुणाच्या तरी लहान मुलाने आईच्या फोनवर दुवा दिसला म्हणून दाबला. अशा वेळी विक्रेत्याने कोड दिला होता, तो चालत होता, आणि त्याच्याकडून पैसे मागण्यात दम नाही. ग्रुपवर ‘कोणी घेतला ते सांगा’ असा जाहीर जाब मात्र विचारू नका. कुणीच बोलणार नाही आणि पुढच्या दोन दिवाळ्या कडू होतील. वाचल्याच्या वेळा तुमच्याकडे आहेतच. वापरण्याच्या वेळेच्या जरा आधी ज्यांनी मेसेज उघडला त्यांना एकेकट्याला सहज फोन करा, ‘तुमच्याकडे चुकून जमा झालाय का जरा बघता का’ इतकंच.

तुम्ही विचारता, फसवणूक नाही का? असेलही. पण या तीनपैकी एकाच फाट्यावर तसं म्हणता येतं, आणि कोणत्या फाट्यावर आपण आहोत हे आज तुम्हालाही माहीत नाही, बहिणीलाही नाही.

ही वेळ मागायची कशी? विक्रेत्याकडे, लेखी. चॅटवरच्या मुलीला ‘कोड चालत नाही’ म्हटलं की ती ‘डिलिव्हर्ड’ वाचून दाखवते, तिच्या पडद्यावर तेवढंच असतं. त्याऐवजी अ‍ॅपमध्ये लॉगिन करून त्या ऑर्डरखालीच तक्रार नोंदवा आणि तीच तक्रार त्याच मजकुरात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो, तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. मजकूर साधारण असा ठेवा:

> ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक, रक्कम ₹1,000, यूपीआय संदर्भ क्रमांक अमुक. गूगल प्ले रिडीम कोड (शेवटची चार अक्षरं अमुक) मला ईमेलने संध्याकाळी 7:43 ला मिळाला. रविवारी सकाळी 11:10 ला तो पहिल्यांदा वापरण्याचा प्रयत्न केला तेव्हा स्क्रीनवर पुढील संदेश आला: (जसाच्या तसा). माझ्या कोणत्याही खात्यात ही रक्कम जमा नाही, स्क्रीनशॉट जोडले आहेत.
> कृपया कोड काढणाऱ्या कंपनीकडून हा कोड वापरला गेल्याची तारीख आणि वेळ मागवून मला लेखी कळवा. ती वेळ मला कोड मिळण्याआधीची असल्यास नवीन कोड किंवा पूर्ण परतावा द्यावा.
> माझी ऑर्डर ज्या विक्रेत्याने पुरवली त्याचं नाव आणि पत्ताही कळवावा.

शेवटची ओळ अनेकांना ठाऊक नसते. ज्या अ‍ॅपवर दुसरेच विक्रेते माल विकतात, त्या अ‍ॅपने ग्राहकाने लेखी मागितल्यावर विक्रेत्याचा पत्ता आणि संपर्क द्यायलाच हवा, असं त्याच नियमांत आहे. आणि संपूर्ण कोड ईमेलमध्ये किंवा सोशल मीडियावर कंपनीला टॅग करून कधीही लिहू नका. या कोडचं आता काही जाणार नाही, पण सवय वाईट. ऑर्डर क्रमांकावरून त्यांना कोड सापडतो.

मजकुरात ‘जसाच्या तसा’ हे मी मुद्दाम लिहिलंय. ‘इनव्हॅलिड दाखवतं’ असं सगळेच लिहितात, पण स्टोअर नकार देतं तेव्हा त्याचे शब्द वेगळाले असतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. कोड चुकीचा किंवा ओळखता येत नाही असं आलं तर बहुतेकदा शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांची गल्लत असते, किंवा कॉपी करताना एखादी मोकळी जागा सोबत येते, किंवा विक्रीच्या वेळी कोड चालूच केला गेलेला नसतो. शेवटचं कारण असेल तर विक्रेता ते बसल्या जागी दुरुस्त करू शकतो. देश जुळत नाही असं आलं तर कोड धडधाकट आहे, पण खातं परदेशातलं आहे. दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या नातवाला इथून रुपयांचा कोड पाठवणाऱ्या आजी-आजोबांना हा अनुभव हमखास येतो. प्लेचा कोड ज्या देशासाठी काढला त्याच देशाच्या खात्यावर चालतो, आणि खात्याचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, म्हणून हौसेने तो बदलायला सांगू नका. त्यापेक्षा इथल्याच एखाद्या भाच्याला द्या तो कोड. अधिक माहिती हवी असं आलं तर गूगलला व्यवहाराबद्दल शंका आली आहे. तिथे एक फॉर्म भरून खरेदीची पावती जोडायची असते, आणि पावती नीट असेल तर मार्ग निघतो. ‘आधीच वापरला’ हा एकच संदेश असा आहे की ज्यात वेळ शोधावी लागते.

म्हणून भाच्याला एक काम सांगा. पुन्हा पुन्हा कोड टाकत बसू नकोस, काही स्टोअर्स अशा प्रयत्नांनंतर काही वेळ दारच बंद करतात. त्याऐवजी एकदाच, फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून: आधी तारीख-वेळ दिसू दे, मग प्ले स्टोअरमध्ये कोणतं खातं चालू आहे ते, मग `Redeem code` मध्ये कोड, मग येणारा संदेश. सगळं एका सलग चित्रणात, मध्ये कापाकापी नाही. सुट्या स्क्रीनशॉटमध्ये कोड एका चित्रात आणि चूक दुसऱ्या चित्रात असते, आणि ही चूक याच कोडची कशावरून, असं समोरचा विचारू शकतो. चित्रणात ती फट राहत नाही. चित्रण घरीच ठेवा, मागितलं तर द्या.

आता पाचशेकडे वळू. हे प्रकरण सोपं आहे, आणि खरं तर तुमची जास्त भक्कम बाजू इथेच आहे.

आधी स्पॅम फोल्डर, एसएमएस आणि अ‍ॅपमधलं ऑर्डरचं पान पाहा, आणि भेट म्हणून पाठवताना भाच्याचा ईमेल किंवा नंबर लिहिला असेल तर त्यात एक अक्षर चुकलंय का तेही. चुकलं असेल तर कोड एखाद्या परक्याच्या पेटीत पडलाय. मग लगेच, त्याच तासाला, अ‍ॅपला कळवा की अजून वापरला नसेल तर हा कोड बंद करा. इथे खरोखरच घाई करायला हवी. बाकी ठिकाणी नाही.

यातलं काही नसेल तर ऑर्डरच्या पानावर नेमकं काय ‘प्रक्रियेत’ आहे ते वाचा. पैसे मिळाल्याची पुष्टी व्हायची आहे, की पैसे मिळाले आणि कोड तयार व्हायचा आहे? फरक फार मोठा आहे. यूपीआयमध्ये तुमच्या खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानदाराकडे पुष्टी पोहोचलीच नाही, असं होतं. अशा व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. हा नियम व्हॉट्सअ‍ॅपवर ‘माल आला नाही तर बँक रोज शंभर रुपये देते’ अशा रूपात फिरतो, आणि ते चुकीचं आहे. पैसे दुकानदाराला पोहोचले आणि त्याने कोड दिला नाही, तर व्यवहार बँकेच्या दृष्टीने यशस्वी आहे आणि ही भरपाई लागू होत नाही. तेव्हा पाचशेच्या व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटमधून काढा, स्क्रीनशॉटवरून नको, आणि अ‍ॅपला एकच प्रश्न विचारा: या क्रमांकाची रक्कम तुम्हाला मिळाली का, हो की नाही? ‘नाही’ म्हणाले तर त्यांचं उत्तर जोडून तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रार नोंदवा. ‘हो’ म्हणाले तर कोड किंवा पैसे, तिसरा पर्याय त्यांच्याकडे नाही.

न आलेल्या कोडची एक मजा अशी की ‘मला मिळालं नाही’ हे सिद्ध करता येत नाही. आणि करायचीही गरज नाही. मिळालं हे दाखवण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे: कोणत्या पत्त्यावर, किती वाजता. तुम्ही फक्त ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट रोज एक, तारीख दिसेल असा, काढत राहा. ऑर्डर सहा दिवस ‘प्रक्रियेत’ होती आणि सातव्या दिवशी अचानक ‘शनिवारी डिलिव्हर्ड’ झाली, तर ती मालिका बोलेल. कोड उशिरा आला आणि तुम्हाला आता नको असेल, तर तो उघडू नका. उघडून पाहिल्याची नोंद राहू शकते आणि मग परतावा मागणं अवघड होतं.

बँकेकडून पैसे परत घेण्याबद्दल. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने घेणाऱ्यांना वस्तू न मिळाल्याचा दावा बँकेमार्फत करता येतो. त्याची खिडकी कार्ड कंपन्यांच्या नियमांत साधारण 120 दिवसांची असते, तरी बँका लवकर कळवा म्हणतात. यूपीआयमध्येही माल न मिळाल्याची तक्रार त्या व्यवहाराखाली करता येते. पण दोन्हीकडे बँक विक्रेत्याला विचारते, आणि विक्रेता ‘दिला’ म्हणून डिलिव्हरीची नोंद दाखवतो. पाचशेसाठी त्याच्याकडे अशी नोंद नाही, म्हणून तुमचा दावा टिकेल. हजारासाठी आहे, म्हणून वापरल्याची वेळ हातात नसताना केलेला दावा बहुधा फेटाळला जाईल. शिवाय एकीकडे नवा कोड मागायचा आणि दुसरीकडे बँकेतून पैसे ओढायचे, असं एकाच वेळी करू नका. कोडही आला आणि पैसेही आले तर विक्रेत्याच्या दप्तरी तुम्हीच लबाड ठरता, आणि काही गेम स्टोअर्स तर असा दावा आला की ग्राहकाचं खातं अडवतात. त्यातल्या सगळ्या घेतलेल्या गेमसकट.

पोलिसांबद्दल माझं मत: आत्ता नको. ओळख असलेली कंपनी, पक्की ऑर्डर, तक्रारीची जागा उपलब्ध, हा ग्राहकाचा वाद आहे. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, मराठीतही बोलता येतं, आणि consumerhelpline.gov.in वर कागद जोडता येतात. अधिकाऱ्याला दिलेला महिना उलटला किंवा थातूरमातूर उत्तर आलं की तिथे जा. त्यांना बंधनकारक आदेश देता येत नाही, ते कंपनीशी मध्यस्थी करतात, पण एवढ्या रकमेसाठी बऱ्याच कंपन्या तिथेच मिटवतात. ‘डिजिटल कोड परत घेतले जात नाहीत’ हे छापील वाक्य तोंडावर फेकलं तर घाबरू नका. ते मन बदललेल्या गिऱ्हाईकासाठी आहे. सदोष वस्तू परत न घेणं किंवा पैसे न देणं याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग: तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. पंधराशे रुपयांसाठी तिथवर जायचं का, हा तुमच्या वेळेचा आणि स्वभावाचा प्रश्न. मी पाचशेसाठी गेले असते. हजारासाठी वेळ कळल्यावर ठरवलं असतं.

पोलिसांकडे, म्हणजे 1930 वर आणि cybercrime.gov.in वर, लगेच जायचं ते वेगळ्या वाचकांनी. टेलिग्रामवर किंवा इन्स्टाग्रामवर ‘हजाराचा कोड सातशेत’ म्हणून घेतलेला, पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर पाठवलेले, आणि समोरच्याने ब्लॉक केलेलं. तिथे कंपनीही नाही आणि तक्रार अधिकारीही नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते पुढे रिकामं होण्याआधी थोपवता आलं तरच काही आशा, म्हणून तासांना किंमत आहे. तिथला पुरावा म्हणजे संपूर्ण चॅट, त्या खात्याचं नाव जसं दिसतं तसं, दुवा, आणि यूपीआय संदर्भ क्रमांक. ब्लॉक करणाऱ्याने चॅट स्वतःहून पुसण्याआधी ते घ्या.

एक सापळा मात्र तुमच्याच वाटेवर आहे. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात, आणि कोडची तक्रार घेऊन येणारा चिडलेला माणूस त्यांना आवडतो. ते परतावा देतो म्हणून स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला लावतात किंवा यूपीआय पिन मागतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. संपर्क फक्त अ‍ॅपच्या आतून.

दुकानांची व्हाउचर्स घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: कपड्यांच्या किंवा किराणा साखळ्यांच्या व्हाउचरला बहुधा लांब नंबर आणि वेगळा पिन असतो, आणि पुष्कळांची शिल्लक तपासण्याची जागा ब्रँडच्या संकेतस्थळावर असते. व्हाउचर मिळाल्याबरोबर तिथे शिल्लक पाहून स्क्रीनशॉट घेतला, तर ते त्या क्षणी भरलेलं होतं की रिकामं हे कायमचं ठरतं. प्लेच्या कोडला अशी न वापरता तपासायची सोय नसल्याने तुमच्याबाबतीत हा मार्ग नव्हता.

तर या आठवड्याचा क्रम असा: आज खाती तपासणं, ईमेलची फाइल आणि ग्रुपवरच्या वेळा, उद्या दोन वेगळ्या तक्रारी. पाचशेसाठी बारा आकडी क्रमांकाचा प्रश्न, हजारासाठी वापरल्याच्या वेळेची मागणी. तक्रारीनंतर 48 तासांत पोच आली नसेल तर तेही नोंदून ठेवा, 1915 ला ते लागेल. आणि वेळ 7:50 नंतरची निघाली, तर हजाराची तक्रार स्वतः होऊन मागे घ्या, पाचशेची चालू ठेवा. पुढच्या वेळी भाच्याला कोड थेट त्याच्याच नंबरवर पाठवा आणि बहिणीला आधी विचारा, गेम कोणत्या खात्यावर चालतो ते.

— तुमची ताई